भाड्याच्या घरात आजारी आई-वडिलांसाठी ऑक्सिजन मशीन आणि बॅकअप: कोकणातल्या भाडेकरूंचे वारंवार येणारे प्रश्न

रुग्णांना लागणारं साहित्य घरोघरी पोहोचवण्याचं आमचं काम आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्यायला येणाऱ्यांत भाड्याने राहणारे बरेच असतात: बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले, बंदरावर काम करणारे, गावचं घर मोडकळीला आलं म्हणून तालुक्याला खोली घेतलेले. मशीन कसं चालवायचं हे ते पटकन शिकतात. फोन येतात ते घरमालक, वीज आणि बॅटरी यांबद्दल. तेच प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. ऑक्सिजन किती लिटरवर आणि दिवसात किती तास द्यायचा, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलंच पाळायचं.

१. भाड्याच्या घरात ऑक्सिजन मशीन ठेवायला घरमालकाची परवानगी लागते का?

मशीनला लागत नाही. कॉन्सन्ट्रेटर हे प्लगला लावून चालवायचं घरगुती उपकरण आहे. ते हवेतला नायट्रोजन गाळून ऑक्सिजन देतं, त्यात गॅस साठवलेला नसतो. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन आणताना जसं विचारत नाही, तसंच हेही.

परवानगीचा प्रश्न येतो तो भिंतीला आणि वायरिंगला हात लावताना. इन्व्हर्टरसाठी बोर्डातून वेगळी लाइन काढणं, अर्थिंग नवीन करणं, मीटरचा मंजूर भार वाढवणं, भिंतीत हुक ठोकणं, या गोष्टी विचारून आणि लेखी घेऊन करा. बहुतेकांचा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा असतो आणि त्यात ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये’ असं कलम असतंच. इन्व्हर्टर नुसता सॉकेटला लावला आणि मशीन इन्व्हर्टरच्याच मागच्या सॉकेटला लावलं, तर वायरिंगला हात लागत नाही. एका रुग्णासाठी एवढी जोडणी पुरते.

परवानगी लागत नसली तरी मालकाला सांगून ठेवाच. घरात अखंड घरघर करणारं यंत्र आहे आणि बिल वाढलंय, हे त्याला शेजाऱ्याकडून कळलं की संशय येतो. तुमच्याकडून कळलं तर पुष्कळदा मदतच होते.

२. मालक मुंबईला असतात. त्यांना काय आणि कसं कळवू?

कोकणातलं हे नेहमीचंच चित्र आहे. मालक डोंबिवलीला किंवा विरारला, चावी शेजारच्या काकांकडे, आणि मालकाची फेरी मे महिन्यात नाहीतर गणपतीत. फोनवर बोला, पण नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवा, म्हणजे दोघांकडेही नोंद राहते. साधारण असा मजकूर चालतो:

‘काका, नमस्कार. आईला फुप्फुसाच्या आजारामुळे डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलाय. त्याचं मशीन साडेतीनशे वॅटचं आहे, म्हणजे इस्त्रीपेक्षा कमी. लाइट गेल्यावर चालावं म्हणून एक इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवतोय. बॅटरी ट्रेमध्ये ठेवीन, फरशीला डाग पडणार नाही. वाढलेलं बिल मी भरेन. खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घेतो, खर्च माझा. घर सोडताना सगळं काढून नेईन. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडतोय.’

मालकाची काळजी तीनच गोष्टींची असते: बिल, जळालेली वायर आणि खराब झालेली फरशी. तिन्हींचं उत्तर पहिल्याच निरोपात मिळालं की सहसा अडवणूक होत नाही. गणपतीत मालक घरी येणार असतील तर तेव्हाची व्यवस्था आधीच ठरवा. समई, निरांजन आणि कापूर मशीनच्या खोलीत येणार नाहीत असं पाहा (प्रश्न ९).

३. मशीन किती वीज खातं? बिलावरून वाद होतो आहे.

पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं, दहा लिटरचं ५०० ते ६५०. नेमका आकडा मशीनच्या मागच्या पट्टीवर असतो. आईला दोन लिटरवर ऑक्सिजन आहे म्हणून वीज त्या प्रमाणात कमी लागते, असं नाही. कॉम्प्रेसर जवळपास तेवढीच वीज घेत राहतो.

३५० वॅटचं मशीन रोज १८ तास चाललं तर दिवसाला सव्वासहा युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला १९० युनिट होतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. त्यामुळे हे युनिट तुमच्या नेहमीच्या वापरावर चढून वरच्या टप्प्यात जातात आणि बिल अंदाजापेक्षा जास्त दिसतं. वीज भाड्यातच धरलेली असेल किंवा मालकाचं आणि तुमचं मीटर एकच असेल, तर मशीनला एक छोटा प्लग-मीटर लावा. महिनाअखेरीला त्यावरचे युनिट दाखवता येतात, वाद तिथेच संपतो.

४. इन्व्हर्टर कोणता घ्यायचा? घरात आधीचा आहे, तो चालेल का?

तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर नको. कॉन्सन्ट्रेटरमध्ये मोटर असते. स्क्वेअर वेव्हवर ती तापते, गुणगुणते, आणि आतलं इलेक्ट्रॉनिक कार्डही बिघडू शकतं. इन्व्हर्टरवर ‘प्युअर साइन वेव्ह’ लिहिलेलं हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षमता. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दोन-तीन पट करंट ओढते. म्हणून ३५० वॅटच्या मशीनला ४०० वॅटचा इन्व्हर्टर पुरत नाही. तो ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, तोही नेमका लाइट गेल्यावर. पाच लिटरच्या मशीनला कमीत कमी ९०० व्हीए घ्या, जमल्यास ११००. दहा लिटरच्या मशीनला दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टरच बघा.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड असं एक बटण असतं. यूपीएस मोडवर लाइट गेल्याक्षणी बदल होतो आणि मशीन न थांबता चालतं. नॉर्मल मोडवर मधे थोडा खंड पडतो, काही मशीन तेवढ्यात बंद होऊन अलार्म देतात. म्हणून मशीनसाठी यूपीएस मोड ठेवा. मात्र त्यातून आपल्याकडे एक वेगळीच अडचण येते, ती पुढच्या प्रश्नात आहे.

५. लाइट असतानाच बॅटरी उतरते. इन्व्हर्टर खराब आहे का?

बहुधा नाही. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या मधलीच वीज स्वीकारतो. वाडी ट्रान्सफॉर्मरपासून लांब असेल तर संध्याकाळी, सगळ्यांचे पंप आणि गिझर चालू असताना, व्होल्टेज १७० पर्यंत खाली येतं. बल्ब पेटलेला असतो, पंखा हळू फिरत असतो, म्हणून आपण म्हणतो लाइट आहे. इन्व्हर्टरच्या लेखी मात्र लाइट गेलेली असते. तो मशीन बॅटरीवर चालवत राहतो, आणि रात्री नऊला खरोखरच लाइट जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं.

हे ओळखणं सोपं आहे. घरात दिवे लागलेले असताना इन्व्हर्टरवरचा ‘मेन्स’चा दिवा विझलेला आणि बॅटरीचा पेटलेला दिसला, की व्होल्टेज कमी आहे. नॉर्मल मोडवर टाकून सुटका होत नाही, कारण मग तीच कमी व्होल्टेजची वीज थेट मशीनला जाते आणि कॉम्प्रेसर धापा टाकतो. मशीनला २३० व्होल्टच्या आसपासच वीज लागते. उपाय म्हणजे भिंतीचा सॉकेट आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये एक चांगला स्टॅबिलायझर. जोडणीचा क्रम असा: सॉकेट, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, मशीन. स्टॅबिलायझरला मशीन आणि बॅटरीचं चार्जिंग, दोन्हींचा भार पेलायचा असतो, म्हणून एक केव्हीएपेक्षा लहान घेऊ नका. आणि व्होल्टेज रोजच पडत असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या. तिची पोच जपून ठेवा.

६. बॅकअप प्रत्यक्षात किती तास मिळतो? दुकानदार सहा तास म्हणाला होता.

दुकानदार पंखा-दिव्यांचा हिशेब सांगतो. मशीनचा हिशेब वेगळा आहे.

१२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. यातला पाचवा हिस्सा इन्व्हर्टरमध्येच जातो. शिवाय १५० हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू उतरवली तर मिळणारा आहे. मशीन तिला तीन-चार तासांत ओढून काढतं, तेव्हा ती तेवढं देत नाही. आणि पूर्ण रिकामी करत राहिलं तर ती लवकर मरते. म्हणजे हातात येतात हजार-अकराशे वॅट-तास. एकटं मशीन लावलं तर तीन तास. पंखा आणि एक दिवाही त्यावर असेल तर अडीच. दोन बॅटऱ्या असतील तर एकेकीवरचा ताण निम्मा होतो, म्हणून एकटं मशीन सहा तासांच्या आसपास चालतं. हे सगळं नव्या बॅटरीचं. दोन-तीन पावसाळे काढलेली बॅटरी याच्या निम्म्यावर आलेली असू शकते.

म्हणून आकड्यांवर विसंबू नका, रंगीत तालीम घ्या. सकाळची वेळ निवडा, भरलेला सिलिंडर शेजारी ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या आणि मेन स्विच बंद करा. मशीन बॅटरीवर किती वेळ चालतं ते बघा. इन्व्हर्टरने ‘लो बॅटरी’ची शिट्टी दिली की लाइट चालू करा आणि वेळ इन्व्हर्टरवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. ही तालीम मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. आजच्या वेळेत मागच्या वेळेपेक्षा एक तास घट झालेली दिसली, तर पावसाच्या आधीच बॅटरी बदला.

७. इन्व्हर्टर आहे तर सिलिंडर कशाला?

कारण आपल्याकडे लाइट तीन तासांत येतेच असं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली बरीच गावं कित्येक दिवस अंधारात होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वादळ नसलं तरी मृगाच्या पहिल्या वाऱ्यात आंबा-फणसाची फांदी तारेवर पडते आणि रात्रभर लाइनमनला रस्ता सापडत नाही. शिवाय मशीन स्वतःही बंद पडू शकतं. त्या वेळी इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही.

घरात ठेवायला बी टाइप सिलिंडर सोयीचा. काळं अंग, पांढरा खांदा, एका माणसाला उचलता येतो. पूर्ण भरलेला असताना गेजचा काटा १५० च्या आसपास असतो आणि आत सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन. हिशेब सोपा आहे: काट्याचा आकडा गुणिले दहा म्हणजे शिल्लक लिटर. त्याला मिनिटाच्या लिटरने भागा म्हणजे मिनिटं मिळतात. काटा १०० वर आणि फ्लो दोन लिटर असेल, तर १००० भागिले २, म्हणजे ५०० मिनिटं, आठ तासांहून थोडं जास्त. चार लिटरवर हेच चार तास.

घरच्या वापरासाठी एक-दोन सिलिंडर ठेवायला परवाना लागत नाही. तो उभा ठेवून चेनने किंवा मजबूत दोरीने बांधा. भिंतीत हुक ठोकायची परवानगी नसेल तर जड पलंगाच्या पायाला बांधा किंवा सिलिंडरची ट्रॉली घ्या. रेग्युलेटर, चावी आणि ह्युमिडिफायरची बाटली सिलिंडरलाच अडकवलेली असू द्या. अंधारात चावी शोधण्यात दहा मिनिटं जातात.

८. लाइट गेल्यावर आधी इन्व्हर्टर वापरू की सिलिंडर? कुठपर्यंत थांबायचं?

आधी इन्व्हर्टर. बॅटरी पुन्हा घरातच भरते, सिलिंडर भरायला शहरात जावं लागतं. आणि रुग्णाला गाडीत घालून न्यायची वेळ आली तर सोबत सिलिंडरच येतो. तेव्हा सिलिंडरमधला काही हिस्सा प्रवासासाठी राखीव ठेवायचा आणि घरी काहीही झालं तरी त्याला हात लावायचा नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा तुम्ही गुहागर तालुक्यात भाड्याने राहता, आईला दोन लिटरवर ऑक्सिजन आहे, एक बॅटरी आणि एक भरलेला बी टाइप सिलिंडर आहे. जिथे तिला दाखल करून घेतील ते हॉस्पिटल पावसाच्या दिवसांत दोन तासांवर आहे. दोन तास म्हणजे १२० मिनिटं, दोन लिटरने २४० लिटर. दरड आली, गाडी उशिरा मिळाली, तर दुप्पट धरा: ५०० लिटर. म्हणजे काटा ५० वर आला की निघायचंच. घरी वापरायला उरतात १००० लिटर, आठ तास वीस मिनिटं.

आता दुपारी चारला लाइट गेली. पंखा बंद करून मशीन इन्व्हर्टरवर ठेवलं तर ते सव्वासहा-साडेसहापर्यंत चालवा, थोडी बॅटरी रात्रीच्या दिव्यासाठी राहू द्या. साडेसहाला सिलिंडर लावला की काटा ५० वर येईल रात्री तीनच्या सुमाराला. आणि रात्री तीन वाजता, पावसात, घाटात रुग्णाला घेऊन निघणं हा शेवटचा उपाय आहे, योजना नव्हे. म्हणून निर्णय घ्यायचा तो चार ते सहाच्या मध्ये. चारलाच सबस्टेशनला आणि १९१२ वर फोन करून बिघाड कुठे आहे ते विचारा. उत्तर ‘फ्यूज गेलाय, तासाभरात येईल’ असं असेल तर थांबा. ‘खांब पडलाय’ असं असेल तर उजेड आहे तोवर दुसरा सिलिंडर मागवा, नाहीतर रुग्णाला जिथे जनरेटर आहे अशा नातेवाइकांकडे किंवा दवाखान्यात हलवा. आम्ही ज्यांना अर्ध्या रात्री धावताना पाहिलं, त्यांतल्या बहुतेकांकडे साधनं होती. दुपारचे दोन तास ‘येईल आता’ म्हणत गेलेले असतात.

या सगळ्याच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारून ठेवा: ऑक्सिजनशिवाय आई किती मिनिटं सुरक्षित राहील, आणि बोटावरच्या मीटरचा आकडा कितीच्या खाली गेला की थांबायचं नाही? काहींना सिलिंडर लावेपर्यंतची पाच मिनिटं सहज निभतात, काहींना नाही. ज्यांना निभत नाहीत त्यांचा सिलिंडर रोजच जोडून, तयार ठेवलेला हवा. ओठ निळे पडले, बोलताना दम लागला, गुंगी आली, तर हिशेब सोडा आणि १०८ ला फोन करा.

९. ऑक्सिजन आणि बॅटरी एका खोलीत ठेवले तर स्फोट होईल असं मालक म्हणतात. खरं आहे का?

भीती अगदीच निराधार नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याचं जळणं कित्येक पटीने वाढवतो. नळीतून सुटलेला ऑक्सिजन गोधडीत आणि कपड्यांत मुरतो, त्यावर ठिणगी पडली तर कापड भडकतं. दुसरीकडे लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना थोडा हायड्रोजन सोडते, आणि तो पेटणारा वायू आहे. म्हणून बॅटरी रुग्णाच्या खोलीबाहेर, हवेशीर जागी ठेवा. पडवीचा पावसाची झड न येणारा कोपरा चांगला. फ्लॅटमध्ये बंद गॅलरीपेक्षा खिडकीजवळची जागा बरी. जिन्यात किंवा सामाईक पॅसेजमध्ये ठेवू नका. सोसायटी हरकत घेईल आणि ती योग्यच असेल, कारण आग लागली तर सगळ्यांची वाट तीच आहे.

ऑक्सिजन चालू असलेल्या जागेपासून दहा फुटांच्या आत ज्योत नको: गॅस, चूल, समई, अगरबत्ती, डासांची कॉइल, विडी. माजघरात देव असतील तर रुग्णाचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा. आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन लावतात, ते बरोबर आहे. सिलिंडरच्या झडपेला, रेग्युलेटरला किंवा रुग्णाच्या नाकाला तेच व्हॅसलिन किंवा खोबरेल लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस पेट घेतं. नाक कोरडं पडत असेल तर पाण्यावर आधारित जेल डॉक्टरांना विचारून लावा.

१०. जनरेटर आणला तर? शेजारी भाड्याने देतात.

मोकळ्या अंगणात, घरापासून लांब, धूर घराकडे येणार नाही असा ठेवला तरच. पडवीत, गोठ्यात किंवा खिडकीखाली नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि ज्या घरात ऑक्सिजनचा रुग्ण आहे तिथे एक जास्तीचा धोका आहे: हा वायू रक्तात भिनला तरी बोटावरचा मीटर आकडा चांगलाच दाखवत राहतो, कारण त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. घरातल्या दोघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आकडा न बघता सगळ्यांना बाहेर काढा.

लहान जनरेटरची वीज वर-खाली होते. मशीन थेट त्याला लावू नका. स्टॅबिलायझरमार्गे इन्व्हर्टरला द्या.

११. वायरमन म्हणतो अर्थिंग ‘आहे’. एवढं पुरेसं आहे?

नाही. जुन्या चिऱ्याच्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची तार कुठेच गेलेली नसते. जिथे गेलेली असते तिथे जांभ्याच्या कातळात पुरलेलं अर्थिंग पावसात ठीक चालतं आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की निकामी होतं. म्हणून मे महिन्यात, मीटर लावून मोजायला सांगा, आणि खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर मालकाला सुचवा. तो घराच्याच कामाचा आहे, त्यामुळे खर्च अर्धा-अर्धा करायला मालक बहुधा तयार होतात. मशीन एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नका. सैल प्लग तासन्‌तास तापत राहतो आणि बोर्ड वितळतो.

१२. समुद्राजवळ मशीन आणि बॅटरी लवकर खराब होतात का?

होतात. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरते, जोड सैल होतो आणि बॅकअप अचानक निम्म्यावर येतो. महिन्यातून एकदा इन्व्हर्टर बंद करून गरम पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनल पुसा, कोरडे करा, घट्ट आवळा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं किंवा नळाचं पाणी कधीही नाही.

मशीनला जास्त बाधतो तो दमटपणा. ऑक्सिजन वेगळा करणारे आतले झिओलाइटचे दाणे पाणी शोषतात आणि मग त्यांची गाळण्याची ताकद जाते. मशीन चालू असतं, हवा येत असते, पण ऑक्सिजनचं प्रमाण घसरलेलं असतं. चांगलं मशीन ९३ टक्क्यांच्या आसपास देतं. प्रमाण कमी झालं की पिवळा किंवा लाल दिवा लागतो. त्याच फ्लोवर रुग्णाचा आकडा रोजच्यापेक्षा खाली राहतोय, पण सिलिंडर लावला की वर येतोय, असं दिसलं तर दोष मशीनचा आहे. जुलैत महिनाभर झाकून ठेवलेलं मशीन जास्त बिघडतं. वापर नसेल तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. ते भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, मागची जाळी दर आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावा.

तळमजल्यावर राहत असाल तर आणखी एक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा जमिनीवर ठेवलेल्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर पहिल्यांदा बुडाले. नदी-खाडीच्या पट्ट्यात रुग्णाची खोली वरच्या मजल्यावर असावी. ते शक्य नसेल तर पुराचा इशारा येताच हलवायचं, पाणी दारात येण्याची वाट पाहायची नाही.

१३. सिलिंडर लावल्यावर फ्लो थोडा वाढवला तर आईला बरं वाटतं. चालेल का?

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. रुग्ण शांत झोपल्यासारखा दिसतो आणि उठत नाही. अशा रुग्णांचा आकडा डॉक्टर साधारण ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगतात, ९८ बघून खूश व्हायचं नसतं. मशीनवर जेवढे लिटर तेवढेच सिलिंडरवर. शिवाय फ्लो वाढवला की प्रश्न ८ मधले सगळे तास कोलमडतात.

१४. लाइट बंद राहणार असल्याचा मेसेज आम्हाला येतच नाही.

कारण मीटरवर मालकाचा मोबाइल नंबर आहे. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना नोंदवलेल्या नंबरवर जाते, म्हणजे डोंबिवलीला. मालकाला विनंती करून तुमचा नंबर नोंदवून घ्या, नाहीतर मेसेज पुढे पाठवायला सांगा. आणि गावच्या लाइनमनला घरी बोलावून एकदा मशीन दाखवा. घरात ऑक्सिजनवरचा माणूस आहे हे डोळ्यांनी पाहिलेला लाइनमन लाइन बंद करण्याआधी फोन करतो, असा आमचा अनुभव आहे.

ग्राहक क्रमांकही जवळ ठेवा. बिल थकल्यावर पुरवठा तोडण्याआधी वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, पण ती मालकाकडे गेली तर तुम्हाला कळणारही नाही. दर महिन्याला ऑनलाइन तपासा, थकलं असेल तर भरा आणि भाड्यातून वळतं करून घ्यायचं लिहून ठरवा.

१५. मालक ऐकत नाहीत. मशीन काढा नाहीतर लाइट तोडतो म्हणतात.

वीज तोडणं हे मालकाचं हत्यार होऊ शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडता येत नाही, आणि तोडल्यास न्यायालयाकडे दाद मागता येते. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल, किंवा गाव त्या कायद्याच्या क्षेत्रात येत नसेल, तर बाजू वेगळी मांडावी लागते. म्हणून करार घेऊन वकिलाला भेटा. मुदत संपल्यावर मात्र मालकाला घर परत मागण्याचा हक्क आहे, आजारपण त्याला कायमचं अडवू शकत नाही. मुदत पावसाळ्यात संपत असेल तर वाढवून घेण्याचं बोलणं मार्चमध्येच सुरू करा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. म्हणून घरातल्या बाईच्या नावाने करार असेल तर तिनेच अर्ज करावा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, करार, भाडं भरल्याचे पुरावे आणि प्रश्न २ मधला तो व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप न्या. तुम्ही आधीच कळवलं होतं याचा तोच पुरावा.

१६. घर सोडताना इन्व्हर्टर मालक ठेवून घेऊ शकतात का?

तुम्ही विकत घेतलेला, सॉकेटला लावलेला इन्व्हर्टर तुमचाच. पावती तुमच्या नावाची हवी. बोर्डात वेगळी लाइन काढली असेल तर ती वायर सहसा तिथेच राहते, पण कोणी काय न्यायचं हे वायर टाकतानाच लिहून घ्या. नेताना बॅटरी उभीच न्या, आडवी केली तर आम्ल सांडतं. आणि नव्या घरात रुग्णाला हलवण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या सॉकेटवर मशीन तासभर चालवून बघा, व्होल्टेज संध्याकाळी सातला मोजा.